मोदक मागवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

गणेश चतुर्थीची तारीख कालनिर्णयात वर्षभर आधी छापून येते. ती छापणाऱ्यांची हौस. तुम्ही उकडीच्या मोदकांची ऑर्डर हरतालिकेच्या संध्याकाळीच द्या, केवडा आणि पत्री घेऊन झाल्यावर. मोदक करणाऱ्या काकू म्हणतील, ऑर्डर बंद होऊन आठवडा झाला. खचू नका. ‘फक्त एकवीस तर हवेत’ असं म्हणा. हे वाक्य त्यांनी दिवसभरात अजून कुणाकडूनच ऐकलेलं नसतं.

मग वेळ सांगा. नैवेद्य माध्यान्हीला, म्हणून मोदक बरोबर बारा वाजता, गरम. सगळी सोसायटी हेच सांगते, पण तो सोसायटीचा प्रश्न. हिशोब करायची सवय असलीच तर करून बघा, काही बिघडत नाही. सराईत हाताला एक मोदक वळायला दोन मिनिटं लागतात असं धरू. म्हणजे तासाला तीस. काकू, त्यांची सून आणि मदतीची बाई मिळून नव्वद. वीस घरांचे एकवीस म्हणजे चारशेवीस मोदक, म्हणजे पावणेपाच तास नुसतं वळणं. बारा वाजता तुमच्या ताटात पडणारा मोदक सकाळी सातलाच वळलेला असू शकतो. ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेला आणि शेवटी दहा-बारा मिनिटं वाफवलेला. हे कळलं की फोनवर ‘ताजे आहेत ना?’ हे जरा ठासून विचारता येतं.

सगळी उकड पहाटे एकदम काढून का ठेवत नाहीत, हा पुढचा रास्त प्रश्न. उकड गरम असतानाच, पाण्यातुपाचा हात लावत मळावी लागते. गार झाली की कोरडी पडते, कळ्या काढताना कडा चिरते आणि वाफेत मोदक उकलतो. म्हणून काकू थोडी थोडी उकड काढतात. तुम्ही मात्र याला ‘नियोजनाचा अभाव’ म्हणा. ऑफिसात हा शब्द तुमच्याबद्दल वापरतात, तेव्हा तो सवयीचा असेल.

सकाळी नऊला फोन करून आकडा बदला. आत्याबाई येताहेत, एकवीसचे एकतीस करा. दहाच तर वाढले. त्या दहांसाठी पुन्हा नारळ खवायचा, गूळ घालून सारण आटवायचं आणि ते गार होऊ द्यायचं, कारण ओलं किंवा गरम सारण भरलं की मोदकाचा तळ भिजून फुटतो. पण हे सगळं त्यांच्या स्वयंपाकघरात होतं, तुमच्या नाही. ऑर्डर द्यायची ती याचसाठी. गुळाऐवजी साखर, वेलदोडा नको, जायफळ चालेल आणि दोन मोदक बिनगोडाचे, हेही याच फोनमध्ये उरकून घ्या.

बारा वाजता डबा येईल. अकराला येणारे गुरुजी अजून तिसऱ्या इमारतीत असतील. (त्यांना तुम्ही काही बोलायचं नाही, ते पुढच्या वर्षी आले नाहीत तर? रागवायला काकू आहेत.) काकूंचा मुलगा दारातच सांगेल की झाकण जरा कलतं ठेवा, वाफ आत कोंडली की झाकणाचं पाणी मोदकांवर गळतं आणि ते एकमेकांना चिकटतात. मान हलवा आणि डबा घट्ट लावून ओट्यावर ठेवा. दीड वाजता आरती आटोपून उघडाल, तेव्हा खालच्या हळदीच्या पानामुळे वाचलेले काही मोदक अखंड निघतील. नैवेद्याला पाच पुरतात. बाकीच्यांचा फोटो काढा.

पैसे देताना नारळाचा भाव काढायला विसरू नका. एका नारळात किती मोदक होतात, त्याला गूळ किती, पीठ किती, सगळं बोटांवर मोजून दाखवा. आंबेमोहोर धुऊन, सावलीत वाळवून, बारीक दळून आणतात आणि पहाटे चारला उठतात, हे मोजायला बोटं उरत नाहीत, तेव्हा ते सोडून द्या. ‘आमची आई घरीच करायची’ हे मात्र म्हणा. आई करायची तेव्हा तुम्ही पाटावर बसून ‘झाले का?’ म्हणत होता, हे काकूंना कुठे माहीत आहे?

उरलेले मोदक फ्रिजमध्ये टाका. थंडीत तांदळाची उकड कडक होते, तशी ती होईल. दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, काकू सहा महिन्यांची झोप काढत असतील त्या वेळी फोन करून सांगा की मोदक दगड झालेत. त्या म्हणतील, मोदकपात्रात पाच मिनिटं वाफ द्या, मऊ होतील.

मग विचारा, ‘त्यासाठी कुणाला पाठवता का?’