ताळेबंद जुळला म्हणून हिशेब बरोबर ठरत नाही

फिरत असलेला मेसेज: "कंपनीची फायनल अकाउंट्स अगदी सोपी. तेरजेत डेबिटला दिसेल तो खर्च, मग आगाऊ कर असो की काही. संचालकांचा पगार नि कमिशन भागीदारांसारखं नफ्यातून वाटून टाका. लाभांश सुचवला की तो देणं म्हणून दाखवा. ताळेबंद जुळला की हिशेब बरोबर."

मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा भागीदारीचा धडा पाठ केलाय आणि लाभांशाला जुनं पुस्तक उघडलंय. आपण आकडे घेऊन बघू. समजा वेंगुर्ल्याजवळ काजूबीवर प्रक्रिया करणारी एक खासगी कंपनी आहे, दोघे भाऊ संचालक. ३१ मार्च २०२५ चा हिशेब करायचाय. भांडवल २० लाख, दहा रुपयांचे दोन लाख शेअर. मागच्या वर्षाची शिल्लक ४,६०,००० रुपये. तेरजेत, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांच्या यादीत, डेबिटला संचालकांचा पगार ६,००,०००, आगाऊ कर २,००,००० आणि अंतरिम लाभांश १,००,०००. संचालकांचा मोबदला धरण्याआधीचा नफा १७,००,०००.

आधी पगार. भागीदार म्हणजेच पेढी, म्हणून त्याचा पगार ही नफ्याची वाटणी. कंपनी कायद्याने वेगळी व्यक्ती आहे. संचालक तिचं काम करतो आणि ती त्याला पैसे देते, नफा होवो वा न होवो. म्हणून कंपनी कायद्याच्या परिशिष्ट तीनच्या नमुन्यात हा पगार 'कर्मचारी लाभ खर्च' या मथळ्याखाली, कराच्या आधी येतो. उरले ११,००,०००. ठरावात कमिशन 'कमिशन वजा जाता उरणाऱ्या नफ्यावर १० टक्के' असेल तर ११,००,००० × १०/११० म्हणजे १,००,०००. इथे सरळ दहा टक्के काढून १,१०,००० लिहिणारे दरवर्षी भेटतात. हे कमिशन तेरजेत नाही, म्हणून त्याच्या दोन नोंदी: एक खर्चात, दुसरी 'इतर चालू देणी'त. करपूर्व नफा १०,००,०००. वाटणी समजून दोन्ही खाली ढकललं तर कर १७ लाखांवर लागेल आणि तरतूद १,७६,१७६ रुपयांनी फुगेल.

(हीच कंपनी पब्लिक असती तर कंपनी कायद्याच्या कलम १९७ ची, संचालकांच्या मोबदल्यावरची नफ्याच्या ११ टक्क्यांची एकूण मर्यादा आड आली असती, आणि ती मोजायचा नफा संचालकांचा मोबदला व आयकर वजा न करता धरतात.)

आता कर. आयकर कायद्याच्या कलम ११५बीएएचा सवलतीचा दर घेतलेल्या कंपनीला अधिभार-उपकर धरून २५.१६८ टक्के, हिशेबी नफा आणि करपात्र नफा एकच मानू. कर २,५१,६८०, करोत्तर नफा ७,४८,३२०. तेरजेतले दोन लाख हा खर्च नव्हे, सरकारकडे आधीच भरलेले पैसे. ते तरतुदीतून वजा होतात आणि ताळेबंदात 'अल्पकालीन तरतुदी'त ५१,६८० उरतात. मेसेजप्रमाणे ते खर्चात टाकले तर करपूर्व नफा आठ लाख, तरतूद २,०१,३४४ आणि करोत्तर नफा ५,९८,६५६ येतो. नफा १,४९,६६४ ने कमी, देणं तेवढ्यानेच जास्त, आणि ताळेबंद तरीही तंतोतंत जुळतो! चूक पकडायची तर प्रत्यक्ष भरायचा राहिलेला कर आणि तरतुदीचा आकडा शेजारी ठेवून बघा. जाता जाता: आगाऊ कर एकूण कराच्या ९० टक्क्यांहून कमी भरलाय, तेव्हा कलम २३४बीचं व्याजही लागेल. पंधरा मार्चला, शेवटच्या हप्त्याच्या वेळी, पैसा काजूबीच्या खरेदीत अडकलेला असतो, त्यामुळे आमच्याकडे हे नवीन नाही.

लाभांशाची गोष्ट अर्धी खरी आहे, एकेकाळी खरी होती म्हणून. २०१६ मध्ये लेखामानक ४ बदललं. तेव्हापासून वर्षअखेरीनंतर सुचवलेला लाभांश त्या वर्षाचं देणं धरत नाहीत. संचालक मंडळ शिफारस करतं, जाहीर करते भागधारकांची सभा. ३१ मार्चला ही सभा झालेलीच नसते, आणि सभा सुचवल्यापेक्षा कमी लाभांशही देऊ शकते. आपल्या कंपनीने दहा टक्के सुचवला, तर टिपणीत 'शेअरमागे १ रुपया, एकूण २,००,०००' एवढंच लिहा. अंतरिम लाभांशाचं तसं नाही. तो मंडळाने जाहीर करून दिलेलाही आहे, म्हणून वजा होतो; पण नफा-तोटा पत्रकात नव्हे, 'राखीव निधी व शिल्लक' या टिपणीत: ४,६०,००० + ७,४८,३२० − १,००,००० = ११,०८,३२०. मेसेजप्रमाणे सुचवलेले दोन लाखही वजा केले तर ९,०८,३२० उरतात, चालू देणी दोन लाखांनी वाढतात आणि ताळेबंद पुन्हा जुळतो.

लाभांश वितरण कराचा रकाना अजून कोणी ठेवत असेल तर तोही काढा. १ एप्रिल २०२० पासून तो कर कंपनीवर नाही, लाभांश घेणाऱ्याच्या उत्पन्नावर आहे.