बारा तारीख अकरा कशी झाली: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "लेख पटला नाही. तारीख बदलत नाही, फक्त वेगळी दिसते म्हणता. आमच्या सातपूरच्या ऑफिसात माझ्या स्क्रीनवर १२ आणि जर्मनीतल्या माणसाच्या स्क्रीनवर ११ दिसते. म्हणजे सॉफ्टवेअर चुकतंय. सगळ्यांचा टाइम झोन भारताचा करून टाका, विषय संपला."

नमस्कार. दोष सॉफ्टवेअरचाच आहे, हे मला मान्य आहे आणि मागच्या लेखात मी ते स्पष्ट लिहायला हवं होतं. पण उपाय मात्र मला पटत नाही. का, ते आमच्याकडे घडलेल्या एका प्रसंगावरून सांगतो.

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष निर्यातदाराच्या ऑफिसचं कामांचं वेळापत्रक मी सांभाळायचो. मार्च २०२५ मध्ये एका कंटेनरची मूळ कागदपत्रं कुरियरने रॉटरडॅमला पाठवायची होती. इथल्या मुलाने टास्कला १२ मार्च ही तारीख दिली, वेळ टाकली नाही. सॉफ्टवेअरने स्वतःहून वेळ धरली ती १२ तारखेच्या रात्री बाराची, म्हणजे ११ आणि १२ च्या मधली मध्यरात्र. सॉफ्टवेअर वेळ साठवतं ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत. आपलं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे चालतं, त्यामुळे साठवलं गेलं ११ मार्च, १८:३०. रॉटरडॅम तेव्हा यूटीसीच्या फक्त एक तास पुढे होतं. तिथे हाच क्षण ११ तारखेच्या संध्याकाळी साडेसातचा. स्क्रीनवर वेळ दाखवतच नव्हते, त्यामुळे तिकडच्या बाईंना नुसतं "११ मार्च" दिसलं.

इथवर काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पुढे. बाईंनी निरोप पाठवला, "एक दिवस आधीची तारीख लागलीय, दुरुस्त करा." आमच्या मुलाने प्रामाणिकपणे तारीख एक दिवस पुढे ढकलली. आता तिकडे १२ दिसायला लागली आणि इकडे १३. कुरियरवाला १२ तारखेला येऊन रिकाम्या हाताने गेला, कारण इथे सगळे १३ धरून बसले होते. आधी तारीख नुसती दिसायला सरकली होती, या दुरुस्तीने ती खरोखर सरकली. ते पाकीट दुसऱ्या दिवशीपर्यंत टेबलावर पडून होतं, हे मी विसरलेलो नाही.

आता तुमचा उपाय. सगळ्यांची सेटिंग भारताची केली तर हा टास्क सगळ्यांना १२ दाखवेल, हे खरं. पण जर्मनीतल्या माणसाच्या बाकी सगळ्या वेळा भारतीय होतील. दुपारी दोनची त्याची मीटिंग मार्चच्या सुरुवातीला साडेसहाला दिसेल. तो दोन दिवसांत सेटिंग परत फिरवेल आणि ते तुम्हाला कळणारही नाही. शिवाय आत साठवलेला १८:३० तसाच राहतो, तो पुढे एक्सेलमध्ये किंवा दुसऱ्या कॅलेंडरमध्ये गेला की तिथे पुन्हा ११ होऊ शकतो.

खरी चूक अशी की "१२ तारखेला" हा एक दिवस आहे आणि सॉफ्टवेअरने त्याचा क्षण करून टाकला. क्षण जगभर एकच असतो, म्हणून प्रत्येक गावात त्याचं घड्याळ वेगळं. दिवसाला टाइम झोन लावायचाच नसतो. टास्क .ics या कॅलेंडरच्या फाइलमध्ये एक्सपोर्ट करून नोटपॅडमध्ये उघडलीत, तर फरक डोळ्यांना दिसतो:

```
DUE;VALUE=DATE:20250312
DUE:20250311T183000Z
```

पहिली ओळ म्हणजे नुसती तारीख, ती कुठेही १२ च राहते. दुसरी क्षण आहे, शेवटचा Z म्हणजे यूटीसी. आपल्याकडच्या टास्कमध्ये 183000 दिसलं, की कुणीतरी भारतातली मध्यरात्र साठवलीय असं समजा. उलट प्रकारही असतो: यूटीसीची मध्यरात्र साठवलेली असली, तर आपल्याला तारीख बरोबर दिसते, पण आठवण पहाटे साडेपाचला वाजते आणि अमेरिकेतल्या माणसाला आदला दिवस दिसतो. अशी विनाकारण साडेपाचची वेळ दिसली तर संशय घ्याच.

एक्सपोर्टची सोय नसेल तर आपल्याच खात्याचा टाइम झोन पाच मिनिटांसाठी न्यूयॉर्कचा करा. वेळ न टाकलेल्या टास्कची तारीख हलली, तर आत क्षण साठवलाय. मग सेटिंग परत भारताची करा. संगणकाचं घड्याळ हाताने मागेपुढे मात्र करू नका, त्याने नव्याच चुका सुरू होतात.

सॉफ्टवेअर दुरुस्त होईपर्यंत आम्ही एवढंच केलं: बाहेरच्या देशातला माणूस असलेल्या टास्कला भारतीय वेळेनुसार दुपारी साडेबाराची वेळ टाकायला लागलो. तो क्षण युरोपात सकाळी येतो, न्यूयॉर्कलाही मध्यरात्रीनंतर, त्यामुळे तारीख दोन्हीकडे तीच राहते. कॅलिफोर्नियाला मात्र हे भरवशाचं नाही, तिथे तेव्हा हिवाळ्यात आदल्या दिवसाचे रात्रीचे अकरा असतात आणि उन्हाळ्यात नेमकी मध्यरात्र. म्हणून शीर्षकातही "१२ मार्च" असं लिहून ठेवायचो.

जिथे मुदत खरंच तासाची आहे, तिथे क्षणच हवा. "रॉटरडॅमची संध्याकाळी पाच" म्हणजे १२ मार्चला आपले रात्रीचे साडेनऊ. ३० मार्च २०२५ ला तिकडे घड्याळं एक तास पुढे गेली, त्यानंतर तेच पाच आपले साडेआठ झाले. अशा टास्कला रॉटरडॅमचाच झोन लावायला हवा.

तुमच्या त्या टास्कची तारीख अजून कुणी हाताने बदलली नसेल, तर आधी ती एक्सपोर्ट करून बघा. DUE ची ओळ इथे टाकलीत तर पुढचं मिळून पाहू.