प्रतिक्रियेला उत्तर: y3 ऋण का, आणि 580 हे उत्तर कोणत्या गणिताचं

वाचकाची प्रतिक्रिया (फोंडा):

> तुमच्या काजूच्या उदाहरणातलं ड्युअल चुकलंय. ऑर्डरच्या अटीचा y3 तुम्ही ऋण घेतलाय. किंमत ऋण कशी असेल? मी सगळे y शून्य किंवा धन घेऊन सोडवलं. x = (100, 0, 60), y = (7, 3, 0, 0) येतं, दोन्हीकडे 580 आणि सगळे गुणाकार शून्य. म्हणजे तुमचं 460 इष्टतम नाहीच. शिवाय बरोबरीच्या अटीची कॉम्प्लिमेंटरी स्लॅकनेस तुम्ही तपासलीच नाही.

तुमची आकडेमोड बरोबर आहे. 580 दोन्हीकडे येतं आणि गुणाकारही खरोखर शून्य होतात. अडचण दुसरीकडे आहे. तुमच्या उत्तरात x2 = 0 आहे, आणि मसाला काजूची ऑर्डर किमान ३० डब्यांची आहे. एकही डबा न बनवता ती पुरी होत नाही.

मूळ गणित इथे पुन्हा मांडतो, म्हणजे वर-खाली करावं लागणार नाही. वाळपईकडचं एक छोटं काजू युनिट, दहा किलोचा एक डबा, पैसे हजारांत. x1 म्हणजे खारे काजू, x2 म्हणजे मसाला काजू, आणि x3 म्हणजे बाजारातून घेतलेला गर. x3 ऋण आला तर तेवढा गर विकला असं समजायचं. म्हणून x3 वर चिन्हाचं बंधन नाही.

```
max  10x1 + 9x2 - 7x3
(1)  x1 +  x2 - x3  = 40     गराचा हिशोब (साठा ४० डबे)
(2)  x1 + 2x2      <= 100    भट्टीचे तास
(3)        x2      >= 30     मसाल्याची ऑर्डर
(4)  x1 +  x2      <= 110    पॅकिंग
     x1, x2 >= 0,  x3 फ्री
```

आता y3 च्या चिन्हाकडे. ड्युअल म्हणजे नफ्यावर वरून घातलेली मर्यादा. प्रत्येक अटीला तिच्या y ने गुणायचं आणि सगळ्या अटी एकत्र करून "नफा याहून जास्त होऊच शकत नाही" असं विधान मिळवायचं. त्यासाठी गुणाकारानंतर प्रत्येक अट `<=` याच दिशेला उभी राहायला हवी. भट्टीची अट मुळातच `<=` आहे. तिला धन y2 ने गुणलं की दिशा टिकते. ऑर्डरची अट `x2 >= 30` आहे. तिला धन संख्येने गुणलं तर `>=` तशीच राहते, आणि ती बाकीच्यांत मिळवताच येत नाही. ऋण संख्येने गुणलं की ती उलटते: `y3*x2 <= 30*y3`. म्हणून y3 <= 0. बरोबरीच्या अटीला कशानेही गुणा, बरोबरी टिकते. म्हणून y1 वर बंधन नाही.

चलांच्या बाजूनेही हेच चालतं. x1 आणि x2 शून्य किंवा धन आहेत, तेव्हा त्यांच्या पुढची बेरीज नफ्याच्या सहगुणकाइतकी किंवा त्याहून मोठी असली की पुरे. x3 मात्र कुठल्याही चिन्हाचा असू शकतो. तिथे "मोठी" असून भागत नाही, कारण x3 ऋण झाला की तीच असमता उलट लागू होते. तिथे नेमकी बरोबरीच हवी.

```
min  40y1 + 100y2 + 30y3 + 110y4
x1:  y1 +  y2      + y4 >= 10
x2:  y1 + 2y2 + y3 + y4 >=  9
x3: -y1                  = -7
y1 फ्री,  y2 >= 0,  y3 <= 0,  y4 >= 0
```

तुम्ही y3 >= 0 घेतलंत आणि बाकी सगळं तसंच ठेवलंत. त्याने गणित मोडत नाही, फक्त दुसरं होतं. तुमच्या ड्युअलवरून उलट प्रायमल काढून पाहा. तिसरी अट `x2 <= 30` अशी निघते. म्हणजे "किमान ३० डबे द्या" याचं "३० पेक्षा जास्त देऊ नका" झालं. त्या गणितात मसाला काजू बनवायची सक्तीच नाही. भट्टीचा एक तास खाऱ्या काजूंवर ३ हजार मिळवतो आणि मसाल्यावर एकच हजार, त्यामुळे सगळे तास खाऱ्यांना जातात आणि उत्तर 580 येतं. ते उत्तर त्या गणितापुरतं खरं आहे. म्हणूनच आत काही खटकलं नाही. y चं चिन्ह फिरलं की प्रायमलची अट गुपचूप उलटी होते, आणि ही चूक आकडेमोडीत कुठेच दिसत नाही.

y3 धनच हवा असेल तर तोही मार्ग आहे. आधी अट `-x2 <= -30` अशी लिहा. मग y3 >= 0 चालेल, पण x2 च्या ओळीत `-y3` आणि खालच्या उद्दिष्टात `-30y3` लिहावं लागेल. चिन्ह आणि सहगुणक एकदम फिरतात. नुसतं एक फिरवलं की वरचा घोळ होतो.

ऋण किंमत कशी, याचं उत्तर याच उदाहरणात हातात मोजता येतं. इष्टतम x = (40, 30, 30), नफा 400 + 270 - 210 = 460. आता ऑर्डर ३० ऐवजी ३१ करा. मसाल्याच्या त्या एका डब्याला भट्टीचे दोन तास लागतात, म्हणून खाऱ्याचे दोन डबे कमी होतात: x = (38, 31, 29). नफा 380 + 279 - 203 = 456. मसाल्याच्या डब्यावर दोन हजार मिळाले, खाऱ्याच्या दोन डब्यांवरचे सहा हजार गेले, निव्वळ चार हजारांचा तोटा. y3 = -4 हेच सांगतो. ऑर्डर ही इथे मिळकत नाही, बांधिलकी आहे. ती वाढली की नफा घटतो, मग तिची किंमत धन कशी येईल?

आता तपासणी. गुणाकार शून्य होणं एकटं पुरेसं नाही. x प्रायमलच्या सगळ्या अटी पाळतो का, y ड्युअलच्या अटी चिन्हांसह पाळतो का, आणि मग गुणाकार शून्य आहेत का, या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. तुमच्या जोडीत दुसरी आणि तिसरी आहे (योगायोगाने y3 = 0, म्हणून तो माझ्या ड्युअलमध्येही बसतो), पण पहिली नाही. y3 = 0 असल्यामुळे `y3*(x2 - 30)` हा गुणाकार x2 काहीही असला तरी शून्यच राहतो. अट मोडलेली असताना गुणाकार ते दाखवत नाही. त्यामुळे 580 ही माझ्या गणितासाठी नफ्यावरची एक खरी वरची मर्यादा आहे, पण तिथपर्यंत पोचता येत नाही.

x = (40, 30, 30) वर भट्टी 40 + 60 = 100, पूर्ण भरलेली. ऑर्डर नेमकी ३०. पॅकिंग ७० डब्यांचं, ११० पैकी ४० ची जागा रिकामी, म्हणून y4 = 0 असायलाच हवा. x1 आणि x2 शून्य नाहीत, म्हणून त्यांच्या ड्युअल ओळींत बरोबरी हवी. x3 ची ओळ तर बरोबरीचीच आहे: y1 = 7. मग x1 च्या ओळीतून y2 = 3 आणि x2 च्या ओळीतून y3 = 9 - 7 - 6 = -4. चिन्हं नियमात बसली. बेरीज 280 + 300 - 120 = 460. y आधी शोधून मग तपासायची गरज नाही, x वरूनच तो काढता येतो. x सगळ्या अटी पाळत असूनही इष्टतम नसेल तर इथे कुठेतरी चिन्ह मोडतं किंवा एखादी ओळ बसत नाही.

बरोबरीच्या अटीबद्दल तुमचं निरीक्षण खरं आहे, मी ती तपासली नाही. तिथे तपासण्यासारखं काही नाही. गराचा हिशोब जुळलेला असताना कंसातली वजाबाकी शून्यच असते, y1 काहीही असो. y1 ठरतो तो x3 च्या ओळीवरून, म्हणजे बाजारभावावरून. घेण्याचा आणि विकण्याचा भाव एकच धरलाय म्हणून नेमका ७ येतो. घेण्याचा ७.२ आणि विकण्याचा ६.८ असेल तर x3 चे दोन शून्य-किंवा-धन चल करावे लागतात, आणि ड्युअलमध्ये y1 त्या दोन भावांच्या मधे राहतो. आपल्या उदाहरणात गर विकत घ्यावा लागतोय, म्हणून तो ७.२ वर टेकेल. आणि हिशोबाची ओळ कोणी `x3 - x1 - x2 = -40` अशी लिहिली तर y1 = -7 येईल. दोन्ही बरोबर. बरोबरीच्या अटीच्या y चं चिन्ह अट कशी लिहिली यावर असतं.

संगणकावर पडताळणार असाल तर चिन्हांचा आणखी एक पदर आहे. `linprog` फक्त किमान काढतं आणि `>=` घेत नाही:

```python
from scipy.optimize import linprog
r = linprog([-10,-9,7],
    A_ub=[[1,2,0],[0,-1,0],[1,1,0]], b_ub=[100,-30,110],
    A_eq=[[1,1,-1]], b_eq=[40],
    bounds=[(0,None),(0,None),(None,None)])
print(r.x, r.ineqlin.marginals, r.eqlin.marginals)
```

इथे -3, -4, 0 आणि -7 दिसेल. भट्टीचा आणि गराचा आकडा -1 ने गुणून आपल्या y शी जुळवायचा, कारण आपण नफ्याचं चिन्ह फिरवलंय. ऑर्डरचा मात्र तसाच ठेवायचा: तिथे नफाही फिरला आणि अटही फिरली, दोन्ही मिळून फेड झाली. `bounds` लिहायला विसरू नका. ते नसेल तर सगळे चल शून्य किंवा धन धरले जातात. या आकड्यांना x3 = 30 असल्यामुळे उत्तर बदलणार नाही आणि चूक लपून राहील. साठा ८० डब्यांचा करून पाहा, तेव्हा खरा x3 = -10 येतो आणि `bounds` नसलेल्या गणिताला उत्तरच मिळत नाही, कारण सगळ्या अटी एकदम पाळणारा x उरत नाही.

शेवटी, -4 हा दर कुठवर चालतो. ऑर्डर ० ते ५० डब्यांपर्यंत. ५० ला सगळी भट्टी मसाल्यात जाते, x1 = 0 होतो आणि नफा 380 उरतो. त्या बिंदूवर x1 च्या ओळीला बरोबरीची सक्ती राहत नाही, म्हणून y2 >= 3 पैकी कोणताही घ्या आणि y3 = 2 - 2*y2 धरा; ड्युअलची बेरीज प्रत्येक वेळी 380 च येते. अशा ठिकाणी तुमचा y3 -4 आणि दुसऱ्याचा -10 निघाला तर दोघांचंही बरोबर असू शकतं. ५० च्या पुढे मात्र प्रायमलला उत्तरच नाही, आणि ड्युअल खाली अमर्याद घसरतं.