नियम 9, नियम 21 आणि दिवाडीचा मासा

चॅटबॉट चुकीचं वागू लागला तर त्याच्या सूचनावलीतला एकेक नियम काढून, दर वेळी वीसदा विचारून दोषी नियम शोधावा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेली प्रतिक्रिया: “24 नियम एकेक करून काढत बसणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. यादी अर्धी-अर्धी करत गेलात तर पाच फेऱ्यांत दोषी ओळ सापडते. आणि `temperature`, म्हणजे उत्तरात किती फेरफार होऊ द्यायचा ती सेटिंग, शून्य ठेवलंत तर तोच प्रश्न वीस वेळा विचारायची गरजच नाही. नवखे वाचक उगाच पैसे घालवतील.”

सप्रेम नमस्कार. अर्ध्या-अर्ध्यानेच मी सुरुवात केली होती. लेखात ते लिहायला हवं होतं, राहून गेलं, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

गोव्यातल्या दिवाडी बेटावर माझ्या बहिणीचं होमस्टे आहे. पाहुण्यांना चॅटवर उत्तरं देणाऱ्या बॉटची सूचनावली मी लिहिली. जेवणाची यादी तिच्यातच होती. तरी भर डिसेंबरात “आज मासे मिळतील का?” असं विचारलं की बॉट यादी न सांगता “कृपया ताईंना फोन करा” म्हणायचा. 20 पैकी 17 वेळा.

मी पहिले 12 नियम ठेवून बाकीचे काढले, तर बॉट नीट बोलू लागला. म्हणजे दोष दुसऱ्या अर्ध्यात, असं वाटलं. मग नुसते 13 ते 24 ठेवले, तरीही नीट! दोन्ही अर्धे निर्दोष आणि एकत्र आले की बिघाड. इथून पुढे कोणता अर्धा फोडायचा? दोषी ओळ एकच आहे, हे अर्ध्या-अर्ध्याच्या पद्धतीचं गृहीतक असतं. माझ्याकडे दोन होत्या, एक वरच्या अर्ध्यात आणि एक खालच्या.

म्हणून पूर्ण सूचनावली समोर ठेवून एका वेळी एकच नियम काढला, मोजलं, परत जागेवर ठेवला. नियम 9 काढल्यावर “फोन करा” 20 पैकी 2 वेळा आलं. नियम 21 काढल्यावर 3 वेळा. बाकी कुठलाही नियम काढला तरी आकडा 14 ते 19 मध्येच राहिला. ते दोन नियम असे:

```
9. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते. त्या काळात ताजे मासे आहेत असे सांगू नये.
21. खात्री नसेल तर पाहुण्यांना ताईंना फोन करायला सांगावे.
```

नुसते वाचले तर दोन्ही शहाणपणाचे. पण आज कोणती तारीख आहे हे बॉटला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे नियम 9 मुळे तो माशांबाबत कायम साशंक, आणि साशंक असताना काय करायचं ते नियम 21 सांगतो.

आता वीस वेळा विचारण्याबद्दल. `temperature` शून्य ठेवलं तरी बहुतेक सेवांवर दर वेळी अक्षरशः तेच उत्तर येईल याची हमी नसते. आणि आलं तरी ते एकाच वाक्यरचनेचं उत्तर असतं. पाहुणे एकाच शब्दांत विचारत नाहीत, कोणी “थाळीत सुरमई आहे का” म्हणतो, कोणी कोकणीत “आयज नुस्तें मेळटलें?”. मी पाच वाक्यं घेतली आणि प्रत्येक चार वेळा विचारलं. एकदाच विचारून निकाल लावला असता तर काय झालं असतं पाहा. काहीही न काढता बॉट 20 पैकी 3 वेळा आपोआप नीट उत्तर देत होता. म्हणजे 22 निरपराध नियमांपैकी तीनेक नियम निव्वळ योगायोगाने दोषी ठरले असते. मोजणी मिळून 480 छोटी उत्तरं झाली. पैशांची काळजी असेल तर आधी पाच-पाच वेळा विचारा आणि जिथे आकडा हललेला दिसेल तिथेच वीस करा.

या पद्धतीची खरी उणीव मात्र तुमच्या प्रतिक्रियेत आली नाही, ती मीच सांगतो. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिलेली असली, समजा “उत्तर दोन ओळींतच द्या” हे नियम 3 मध्येही आणि नियम 17 मध्येही, तर कुठलाही एक काढून फरक पडत नाही, कारण दुसरा ते काम चालू ठेवतो. मग दोन्ही निर्दोष दिसतात. अशा वेळी काढलेला नियम परत ठेवायचा नाही. नियम 3 काढून फरक नाही पडला तर तो बाहेरच राहू द्यायचा आणि पुढे जायचं. 17 वर पोचलात की आकडा धाडकन खाली येतो; तो मात्र परत ठेवायचा. शेवटी उरतात ते बिघाडाला पुरेसे नियम. माझी सवय अशी: आधी परत ठेवत एक फेरी, आणि तीत कोणीच सापडला नाही तरच न ठेवता दुसरी.

आणखी एक खबरदारी. मधला नियम काढल्यावर पुढचे क्रमांक बदलू देऊ नका. माझ्या नियम 15 मध्ये “नियम 9 प्रमाणे” असा उल्लेख होता. क्रमांक सरकले असते तर तो भलत्याच नियमाकडे गेला असता आणि मी एक नाही, दोन बदल मोजत बसलो असतो.

दुरुस्ती करताना मी दोन्हीपैकी एकही नियम काढला नाही. 9 काढला असता तर जूनमध्ये बॉटने पाहुण्यांना ताज्या सुरमईचं आश्वासन दिलं असतं. दर संभाषणाच्या सुरुवातीला आजची तारीख आपोआप घालणारी एक ओळ वर जोडली. डिसेंबरची तारीख घालून “फोन करा” 20 पैकी एकदाच आलं. मग 20 जून ही तारीख घालून तेच पाच प्रश्न पुन्हा विचारले; ताजे मासे आहेत असं तो एकदाही म्हणाला नाही. बंदी यांत्रिक बोटींना असते, नदीतले मासे तेव्हाही घरी येतात, हे आता नियम 9 मध्ये घालायचं आहे. ते घातल्यावर दोन्ही तारखांची मोजणी पुन्हा करीन.