विलंबित म्हणजे गळा तापवणं नव्हे

"धृपदातला आलाप उचलला आणि त्यालाच ख्याल नाव दिलं. धृपद संथ, ख्याल जलद, एवढाच फरक. ख्यालातला सुरुवातीचा विलंबित भाग गळा तापवण्यासाठी असतो, खरी कसोटी तानांची. मुलांना थेट ताना शिकवा, दोन वर्षांत मैफल गाजवतील. गाणं शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना पाठवा."

धृपद आणि ख्याल या रागदारी गाण्याच्या दोन पद्धतींवरचा हा मेसेज निपाणीच्या आमच्या भाऊजींनी घरच्या ग्रुपवर टाकला. त्याआधी तो मला खानापूर, चिकोडी असा फिरत दोनदा येऊन गेला होता, मी सोडून दिला होता. पण रविवारी भाची बेळगावला माझ्याकडे शिकायला आली आणि तंबोरा जुळवायच्या आधीच म्हणाली, "मावशी, आज डायरेक्ट ताना घेऊया? बाबा म्हणतात विलंबितात नुसता वेळ जातो." आता गप्प बसवत नाही. भाऊजी, राग मानू नका.

आधी गळा तापवण्याचं बोलते, कारण नुकसान त्यानेच होणार आहे. गळा घरी तापवायचा, सकाळी खर्ज लावून. विलंबितात, म्हणजे त्या संथ लयीच्या भागात, होतं ते वेगळंच काम, आणि ते भाचीच्याच रागावरून दाखवते. ती सध्या भूप शिकते. भूपात सा रे ग प ध असे पाच स्वर. देशकारातही नेमके हेच पाच. 'सा रे ग प ध सां, सां ध प ग रे सा' अशी सपाट तान जोरात घेतली, तर नुसत्या त्या तानेवरून भूप की देशकार हे कोणी सांगू शकणार नाही. राग वेगळे होतात ते कुठे थांबलं, कुठून वळलं, यावरून. भूप गंधारावर विसावतो आणि खालच्या धैवताला शिवून वर येतो. देशकाराचा जीव धैवतात, तो वरच्या अंगात खेळतो, रिषभ त्यात दुबळा. हे थांबणं दाखवायला वेळ लागतो, तो वेळ विलंबित देतं.

तो किती, तेही मोजून सांगते. आम्ही एकतालाची एक मात्रा साधारण 4 सेकंदांची ठेवतो. 12 मात्रांचं आवर्तन म्हणजे 48 सेकंद, आणि वीस मिनिटं गायलं तर 25 आवर्तनं. स्थायी एकदा नीट मांडून झाली की पहिली पाच-सहा आवर्तनं भाचीला मी खालच्या धैवतापासून गंधारापर्यंतच फिरू देते. पंचमावर जायची तिला घाई असते, मी हात वर करून थांबवते. मग पंचम, पुढे धैवत, आणि तार षड्ज नुसता दिसू द्यायचा, लावायचा नाही. तो लागतो पंधराव्या-सोळाव्या आवर्तनाच्या सुमारास आणि तिथून अंतरा उघडतो. मग शब्द घेऊन लयीशी खेळणं, शब्दांच्या बोल-ताना, आणि शेवटी आकाराच्या ताना. त्यानंतर द्रुत बंदिश, छोटा ख्याल. बढत म्हणतात ती ही.

आणि हे सगळं ताल चालू असताना करायचं असतं, हे त्या मेसेजवाल्याच्या गावीही नाही. विलंबित एकतालात चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर तबल्यात 'तिरकिट' येतं. दुसरं तिरकिट कानावर पडलं की विस्तार आवरायचा, बाराव्या मात्रेच्या आसपास मुखडा, म्हणजे बंदिशीच्या ओळीची सुरुवात, उचलायचा आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायचं. रविवारी भाची गंधारावर इतकी रमली की ते तिरकिट तिच्या कानाआड गेलं. मुखडा घाईघाईने कोंबला, शब्द तुटले, सम कशीबशी गाठली. पुढच्या आवर्तनात तिने तिरकिट ऐकलं, स्वर हलका करत सोडला, आणि सम अशी पडली की तिचा चेहराच उजळला. हा वेळ जाणं नव्हे.

धृपदाशी फरक इथेच आहे. धृपदातही आलाप असाच स्वर-स्वर चढतो, पण तो तालाविना. शब्द नाहीत, 'री, र, न, नोम, तोम' अशी अक्षरं, पखवाज शांत. तो संपल्यावर बंदिश सुरू होते, बहुधा चौतालात. चौतालही 12 मात्रांचाच, पण वापर निराळा. विस्तार आधीच होऊन गेलेला असतो, आता खेळ लयीचा: तीच बंदिश दुगुनीत, तिगुनीत, चौगुनीत. पखवाजवाला नुसता ठेका धरून बसत नाही, गायकाबरोबर परणी वाजवत जातो. ख्यालात तबला ठेका सोडत नाही, कारण गायक बंदिश उलगडत दूर जातो तेव्हा परतायची खूण तोच ठेवतो. धृपदाने विस्तार तालाच्या आधी ठेवला, ख्यालाने तो तालाच्या आत आणला. नुसता उचलून हे जमत नसतं.

धृपदात वेग नाही हेही खोटं. त्याच्या आलापातच पुढे 'जोड' आणि मग 'झाला' हे भाग येतात, लय चढत जाते, गमकांनी स्वर घुमतात. नाही ती ख्यालासारखी आकाराची जलद तान.

एक मान्य करते, मनाविरुद्ध का होईना. ख्यालाने धृपदाकडून पुष्कळ घेतलं. अठराव्या शतकात महंमदशाह रंगीलेच्या दरबारात ज्यांच्या बंदिशींनी ख्याल उभा राहिला, ते सदारंग म्हणजे नियामत खाँ स्वतः बीनकार होते, धृपदाच्या परंपरेतले. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात राहिलेल्या अल्लादिया खाँसाहेबांचं घराणंही मुळात धृपदियांचं. पण घरातलाच माणूस घरातली वस्तू घेऊन नवं काही घडवतो, त्याला उचलेगिरी म्हणत नाहीत.

आणि हो, सगळेच इतकं संथ गात नाहीत. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि भूर्जी खाँ यांच्याकडे शिकले. त्यांच्या जयपूर गायकीत लय एवढी खाली नसते आणि ताना विस्तारातच गुंफलेल्या येतात. म्हणजे आलाप, मग ताना ही सरळ शिडी प्रत्येक घराण्यात सारखी नाही. पण राग न मांडता तान असं तिथेही नाही.

आता थेट तानांचं. भाऊजी, घरी एवढं करून बघा. लेकीला भूपाची तान जोरात घ्यायला सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग तीच तान निम्म्या लयीत गायला सांगा. निम्म्या लयीत एखादा स्वर गळत असेल, किंवा 'ग प ध' हे तीन दाणे वेगळे न पडता एकात एक मिसळत असतील, तर जलद लयीतही ते नव्हतेच, वेगाखाली लपले होते. तान घेताना हनुवटीही पाहा. ती हलत असेल तर ती जबड्याची तान, गळा अजून तयार नाही. मी रविवारी हेच केलं. जलद तानेत धैवत होता असं तिला वाटत होतं, निम्म्या लयीत तो दोनदा गायब झाला. मग आम्ही ताना बाजूला ठेवल्या आणि एका आवर्तनात फक्त ग, प आणि ध एवढेच स्वर घेऊन बसलो. पुढच्या रविवारी तिला सकाळच्या पहिल्या बसने पाठवा, म्हणजे विलंबिताला पूर्ण तास मिळेल.