गाडीचा आवाज आणि घरातली शांतता

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत गेल्या आठवड्यात पंपाच्या कास्टिंगमध्ये सतत वायूची छिद्रे येत होती, तेव्हा साच्याच्या वाळूत ओलावा जास्त झाल्याचे मी तपासून दाखवले आणि पाणी कमी करून घेतल्यावर माल सुधारला. साहेबांनी बैठकीत त्याचा साधा उल्लेख केला नाही, उलट, "आधी का कळलं नाही?" असे सर्वांसमोर विचारले. असे वारंवार घडते, आणि दर वेळी तिथे गिळलेला शब्द मी अनगोळच्या घरी येऊन ओकतो, याचा मला स्वतःचाच संताप येतो. ज्याने अपमान केला त्याच्यापुढे मान खाली, आणि दिवसभर वाट पाहणाऱ्यांवर आवाज, हा कुठला न्याय?

परवा मुलगी कन्नडच्या वहीतली जोडाक्षरे दाखवायला आली, तर मी "आधी का नाही केलंस?" म्हणून खेकसलो, साहेबांचाच प्रश्न, त्याच सुरात! बायको काही बोलली नाही, तिने वही उचलली आणि मुलीला आत नेले. आता माझी मोटारसायकल गल्लीत वळली की घरातला टीव्ही बंद होतो, आणि आईसुद्धा चहा पुढे ठेवण्याआधी माझा चेहरा पाहते.