पहिल्या पावसाचा वास आभाळातून पडत नाही, आणि ती माती प्यायचीही नाही

"पहिल्या पावसाचा सुगंध म्हणजे आकाशातून उतरणारा ओझोन! हा वास फक्त भारताच्या मातीलाच येतो, परदेशी शास्त्रज्ञही थक्क. गरोदर स्त्रीने पहिल्या पावसात भिजलेली चमचाभर माती पाण्यात कालवून घेतल्यास बाळाला भरपूर लोह मिळते. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. जास्तीत जास्त शेअर करा."

हा मेसेज मला तीन ग्रुपांवर आला आणि तिन्ही वेळा मी काही न बोलता तो सोडून दिला. चौथ्यांदा तो माझ्या भाचीकडून आला. तिला पाचवा महिना आहे. खाली तिने लिहिलं होतं, "मावशी, सासूबाईंनी वाटीत माती काढून ठेवलीय. घेऊ का?" मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढली आहेत. गप्प बसणं शक्यच नव्हतं.

आधी ओझोन. तुमच्या आईने किंवा आजीने कधी अंगणात सडा घातला असेल ना? एप्रिलमधली सकाळ, आभाळ कोरडं ठणठणीत, बादलीत विहिरीचं पाणी. ओंजळीने शिंपडलं की तोच वास. त्यात आभाळाचा काय संबंध? वास मातीतच होता, पाण्याने तो फक्त उठवला. एवढ्यावर हा मुद्दा संपायला हवा, पण अर्धं श्रेय द्यावंच लागेल. वीज कडाडते तेव्हा हवेत ओझोन तयार होतो आणि ढगातून खाली येणाऱ्या वाऱ्याबरोबर तो कधीकधी पावसाच्या आधी नाकापर्यंत पोचतो. पण तो वास तिखट, धातूसारखा, जुन्या झेरॉक्स मशीनजवळ येतो तसला. मातीच्या वासाशी त्याचं काही नातं नाही. आणि तो दीर्घ श्वासाने भरून घेण्यासारखाही नाही, ओझोन फुफ्फुसांना झोंबतो.

मग मातीत असतं काय? दोन गोष्टी. 1964 साली ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेच्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोघांनी 'नेचर' नियतकालिकात यावर निबंध छापला. उन्हात तापलेले कोरडे दगड आणि चिकणमाती घेऊन त्यांनी वाफेने ऊर्ध्वपातन केलं, तेव्हा हाती पिवळसर तेल लागलं आणि त्याला नेमका तोच वास. या वासाला त्यांनी 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. कोरड्या दिवसांत झाडाझुडपांतून सुटणारे तेलकट अंश माती आणि दगड शोषून धरतात, आणि कोरडा काळ जितका लांब तितका साठा मोठा. म्हणून पहिल्या पावसाला जो वास येतो तो ऑगस्टमधल्या पावसाला येत नाही. "फक्त भारताच्या माती"चं उत्तरही यातच आलं, त्यांचे दगड ऑस्ट्रेलियाचे होते. मात्र भारताचं श्रेय त्यांनी बुडवलं नाही. हाच वास आमच्याकडे पूर्वीपासून बाटलीत भरला जातो, याची त्यांनी दखल घेतली. उत्तर प्रदेशात कन्नौजला मातीच्या भाजलेल्या चकत्या तांब्याच्या डेगमध्ये पाण्याबरोबर तापवतात, वाफ बांबूच्या नळीतून खालच्या भांड्यातल्या चंदनाच्या तेलात उतरते, आणि मिट्टी अत्तर तयार होतं. पूर्वजांचं ज्ञान सांगायचंच असेल तर हे सांगा की!

दुसरी गोष्ट म्हणजे जिओस्मिन. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जीवाणू हा पदार्थ बनवतात. आमच्या प्रयोगशाळेत याची ओळख नको तितकी. उन्हाळ्यात धरणात निळं-हिरवं शेवाळ माजलं की तेही जिओस्मिन सोडतं आणि फोन सुरू होतात, "नळाला चिखलाचा वास येतोय." तुरटी आणि क्लोरीन याला दाद देत नाहीत, सक्रिय कोळसा लागतो. माणसाचं नाक या बाबतीत भयंकर तिखट. लिटरला पाच-दहा नॅनोग्रॅम पुरतात. म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये मिठाचा एक कण टाकावा, इतकं. एवढ्याशा पदार्थातून ना पोषण मिळतं, ना विष. मिळतो तो वास.

तो वास नाकापर्यंत चढतो कसा, हे 2015 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या दोघा संशोधकांनी हाय-स्पीड कॅमेऱ्याने टिपलं. थेंब कोरड्या मातीवर आदळला की छिद्रांतली हवा त्याच्याखाली अडकते, बुडबुडे होऊन थेंबातून वर येते आणि फुटते, सोड्याच्या ग्लासवर उडतात तसे बारीक तुषार उडतात. वास त्यांच्यावर स्वार होऊन येतो. हलक्या-मध्यम सरीत तुषार जास्त, मुसळधार पावसात कमी. घरी बघायचं असेल तर कुंडीतली माती आठवडाभर उन्हात वाळवा, दोन ताटल्यांत घ्या. एकीवर बोटांनी पाणी शिंपडा, दुसरीवर तांब्याभर ओता. शिंपडलेली ताटली दरवळेल, ओतलेलीचा नुसता चिखल होईल.

आता ती वाटी, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले. मातीत लोह असतं, हे खरं. कोकणातली जांभ्याची माती लाल असते ती त्यामुळेच. पण ते गंजाच्या रूपात असतं आणि आतडं ते जवळपास घेतच नाही. उलट काही प्रकारची चिकणमाती जेवणातलं लोहसुद्धा धरून ठेवते आणि शरीराबाहेर घेऊन जाते. म्हणजे भाजीतून मिळणारंही गेलं. शिवाय पहिल्या पावसाची माती म्हणजे उन्हाळाभर कुत्र्या-मांजरांनी वापरलेली माती. जंतांची अंडी तिच्यात वर्षानुवर्षं टिकतात आणि ओल मिळाली की खूशच होतात. छपरावरचं पहिल्या पावसाचं पाणीही टाकीत न घेता सोडून देतात, ते का? आणि इथे पाचव्या महिन्यातल्या बाईला चमचाभर माती!

भाचीला मी फोनवर विचारलं, "तुला स्वतःला माती खावीशी वाटते का?" थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "नवी पणती ओली करून वास घेते. परवा चाटली पण." मातीचे डोहाळे म्हणून आपण हसतो, पण माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही अनेकदा रक्तात लोह कमी असल्याची खूण असते. दुसऱ्या दिवशी तिने रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 9.4. गरोदरपणात 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या घरात होत्याच, सासूबाईंनी "उष्ण पडतात" म्हणून बाजूला ठेवल्या होत्या. त्या आता लिंबू-पाण्याबरोबर सुरू झाल्या आहेत, चहापासून दोन तास लांब.

सासूबाईंशीही बोलले. त्या म्हणाल्या, "अहो, पण वास किती छान येतो." येतो ना. वाटीतली माती तुळशीत टाका आणि सकाळी वर चार थेंब शिंपडा, असं सांगितलं. पणती भाचीने स्वतःच शेजारच्या मुलीला देऊन टाकली.